चंद्राच्या कला साडेपाच मिनिटांत: धड्याचा व्हिडिओ लिहायचा कसा

चंद्राच्या कलांवरचा माझा पहिला व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता. त्यात सगळं होतं: चंद्राचा व्यास, पृथ्वीपासूनचं अंतर, अमावास्या, पौर्णिमा, शुद्ध आणि वद्य पक्ष, ग्रहणं, भरती-ओहोटीसुद्धा. सहावीच्या वर्गात तो लावला तेव्हा मुलं शांत बसून बघत होती. शेवटी “समजलं का?” विचारलं तर सगळ्यांनी “हो बाई” म्हणून एका सुरात सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एवढंच म्हटलं, की शुद्ध दशमीचा चंद्र वहीत काढा. निम्म्याहून जास्त मुलांनी गोल काढला आणि बिस्किटाचा घास घ्यावा तसा त्याचा एक तुकडा आतल्या बाजूला खोलगट कापला.

त्या घासात सगळं आलं. दशमीचा चंद्र तसा दिसत नाही. अर्ध्याहून जास्त उजळलेल्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांमधली कड बाहेरच्या बाजूला फुगलेली असते. आत खोलगट गेलेली कड दिसते ती खंडग्रास चंद्रग्रहणात, कारण तिथे पृथ्वीची गोल सावली चंद्रावर पडलेली असते. म्हणजे मुलांच्या डोक्यात पक्कं होतं, की चंद्र लहान-मोठा दिसतो तो पृथ्वीच्या सावलीमुळे. माझी चौदा मिनिटं त्या समजुतीला चाटूनही गेली नव्हती. पुढे मी त्याच धड्याचा व्हिडिओ नव्याने लिहिला. तो कसा लिहिला ते इथे सांगते, कारण स्क्रिप्ट लिहिण्याचे नियम सुटे सांगितले तर ते पटतात पण हाताला लागत नाहीत.

पहिल्यांदा मी सुरुवात ओळखीच्या वाक्याने केली होती: “विद्यार्थ्यांना चंद्राच्या कला समजतील.” अध्ययन निष्पत्तीच्या रकान्यात असं वाक्य लिहिलं की काम झाल्यासारखं वाटतं. पण समजलं की नाही हे बघायचं कशावरून? या वाक्यावरून व्हिडिओत काय हवं आणि काय नको हेही ठरत नाही. चंद्राचा व्यास त्यात बसतो आणि भरती-ओहोटीही बसते. उद्दिष्ट धूसर असलं की व्हिडिओ लांबतो, कारण कशालाच नाही म्हणता येत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा मी आधी शेवटचा प्रश्न लिहिला. मुलाच्या हातात कागद आहे. त्यावर वरून बघितल्यासारखी आकृती आहे: एका कडेला सूर्य, मध्ये पृथ्वी, तिच्याभोवतीच्या वर्तुळावर एके ठिकाणी चंद्र. प्रश्न असा, की त्या दिवशी आपल्याला आकाशात चंद्र कसा दिसेल ते शेजारच्या गोलात रंगवून दाखव. आणि दुसरा: “अर्धा चंद्र पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतो” असं मित्र म्हणाला, तर त्याला आकाशातली कोणती गोष्ट दाखवशील? या दोन प्रश्नांतून उद्दिष्टं आपोआप लिहून झाली. मूल आकृतीवरून चंद्राचा उजळ भाग काढून दाखवेल, आणि सावलीची कल्पना एका निरीक्षणाने खोडून काढेल. दोन्हींत क्रियापद डोळ्यांना दिसणारं आहे. मूल काहीतरी करतं आणि ते केलं की नाही हे मला दिसतं.

मग कापाकापी सोपी झाली. व्यास आणि अंतर यांनी या दोन्ही प्रश्नांना काहीच मदत होत नाही, ते गेले. भरती-ओहोटी गेली. सगळ्यात जड गेलं ते संकष्टीचा चंद्रोदय काढणं. वद्य चतुर्थीला चंद्र रात्री नऊच्या आसपास उगवतो आणि उपवास सोडायला घरातले लोक गच्चीवर जाऊन वाट बघतात. गणेश चतुर्थीला मात्र चंद्रकोर संध्याकाळी पश्चिमेला असते आणि लवकर मावळते. मुलांच्या घरातलं याहून जवळचं उदाहरण मिळायचं नाही. पण त्याचं उत्तर द्यायचं तर पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं आणि चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवणं हे आणावं लागतं. ही वेगळी आकृती, वेगळी हालचाल आणि वेगळा प्रश्न आहे. ते उदाहरण मी दुसऱ्या व्हिडिओसाठी ठेवलं. एखादं उदाहरण आवडलं म्हणून ठेवायचं नाही, शेवटच्या प्रश्नापर्यंत नेत असेल तरच ठेवायचं, ही कात्री स्वतःच्या लिखाणावर चालवणं अवघड असतं.

आता लांबी. व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत हवा असं सगळीकडे सांगितलं जातं. ते आलंय कुठून? 2014 मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या सुमारे 69 लाख पाहण्यांच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी लोक तो बघण्यात साधारणपणे सहा मिनिटांच्या वर टिकत नव्हते, असं त्यांना दिसलं. पण ते प्रेक्षक आपापल्या घरी बसलेले होते आणि व्हिडिओ हवा तेव्हा बंद करू शकत होते. वर्गातलं मूल उठून जात नाही. शिवाय किती वेळ बघितलं यावरून किती समजलं हे कळत नाही. त्यामुळे सहाचा आकडा मी पाळते खरा, पण माझा भर आहे तो तुकड्यांवर.

तुकड्यांचं कारण 2001 मधल्या एका प्रयोगात छान दिसतं. रिचर्ड मायर आणि पॉल चँडलर यांनी वीज कशी पडते हे सांगणारं जेमतेम अडीच मिनिटांचं अॅनिमेशन घेतलं. काही विद्यार्थ्यांनी ते सलग पाहिलं. काहींना तेच अॅनिमेशन सोळा छोट्या तुकड्यांत दिलं आणि प्रत्येक तुकड्यानंतर पुढे जायचं बटण त्यांच्या हातात ठेवलं. मजकूर तोच आणि चित्रंही तीच होती. तरीही ज्यांनी तुकड्या-तुकड्याने पाहिलं, त्यांना समजलेलं नव्या प्रश्नाला लावून बघणं जास्त चांगलं जमलं. एका पायरीचं चित्र डोक्यात बसायच्या आत दुसरी पायरी येऊन आदळली, तर पहिली निसटते. अडीच मिनिटांतही हे घडतं, मग माझ्या चौदा मिनिटांचं काय झालं असेल?

म्हणून तुकडा पाडताना मी घड्याळ बघत नाही. एका तुकड्यात मुलाच्या डोक्यात एकच बदल घडावा, असं बघते. तो बदल एका वाक्यात लिहिता आला नाही, तर तुकडा अजून मोठा आहे. चंद्राचे पाच तुकडे झाले.

पहिला, 45 सेकंद: प्रश्न पडतो आणि मूल आपला अंदाज कागदावर काढतं. दुसरा, 55 सेकंद: चेंडूचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो, आपण कुठे उभे आहोत त्यावर त्यातला किती दिसतो ते ठरतं. तिसरा, दोन मिनिटं: चंद्र आपल्याभोवती फिरतो तसा तो दिसणारा भाग बदलत जातो. चौथा, 75 सेकंद: मग सावलीचं काय? पाचवा, 35 सेकंद: कागदावरचं काम. एकूण साडेपाच मिनिटं.

हे पाच तुकडे मी एका व्हिडिओत जोडत नाही, पाच वेगळ्या फायली करते आणि नावात क्रमांक घालते. कारण वर्गात “इथे थांबवा” अशी पाटी आली, तरी शिक्षक रिमोट शोधेपर्यंत पुढचं सुरू झालेलं असतं, आणि पाटी पाच सेकंद ठेवली तर मुलाची पेन्सिलही सापडत नाही. फाईलच संपली की थांबावंच लागतं. तिसरा तुकडा पुन्हा दाखवायचा तर तेवढाच लावता येतो, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायलाही लहान फाईल बरी पडते.

पहिल्या तुकड्यात चुकीची समजूत आधी बोलून दाखवायची की नाही, यावर शिक्षकांचे दोन तट असतात. “चुकीचं ऐकवलं तर तेच लक्षात राहील” ही भीती मलाही होती. सिडनी विद्यापीठात डेरेक मुल्लर यांनी 2008 मध्ये पूर्ण केलेल्या पीएचडीत नेमकं हेच तपासलं होतं. भौतिकशास्त्र नीटनेटकं समजावणारा व्हिडिओ पाहिलेल्या विद्यार्थ्यांना तो सोपा वाटला आणि आपल्याला येतंय असा त्यांचा विश्वास वाढला, पण चाचणीत फारसा फरक पडला नाही. ज्या व्हिडिओत रूढ गैरसमज संवादातून मांडून मग तो खोडला होता, तो गोंधळाचा वाटला, पण त्यानंतर गुण जास्त मिळाले. नीटनेटकं स्पष्टीकरण ऐकताना मूल आपली जुनी समजूतच त्यात ऐकत राहतं. माझ्या वर्गाने “हो बाई” म्हटलं होतं ते खोटं नव्हतं, त्यांना खरंच समजल्यासारखं वाटलं होतं.

त्यामुळे माझ्या व्हिडिओत एक मुलगा सुरुवातीलाच म्हणतो, “पृथ्वीची सावली पडते ना त्याच्यावर!” एक काळजी मात्र मी घेते. त्या वाक्यासोबत सावलीचं चित्र दाखवत नाही. तेव्हा पडद्यावर फक्त त्या मुलाचा चेहरा असतो. चुकीच्या कल्पनेला सुंदर अॅनिमेशन दिलं, तर आठवणीत चित्र उरतं आणि त्यानंतरचं “हे चूक आहे” विरून जातं, असं माझं मत झालं आहे.

स्क्रिप्टचा कागद मी उभा दुमडते. डावीकडे जे दिसतं ते, उजवीकडे जे ऐकू येतं ते. आधी डावी बाजू पूर्ण लिहायची आणि मग उजवी. आपण शिक्षक बोलून शिकवत आलो आहोत, त्यामुळे आधी बोलणं लिहिलं की चित्र त्याच्या मागून फरफटत येतं: “चंद्र” म्हटलं की चंद्राचा फोटो, “पृथ्वी” म्हटलं की पृथ्वीचा. असं चित्र काही समजावत नाही, शब्दाला फक्त सजवतं. डावी बाजू आधी लिहिली की आवाज बंद करूनही गोष्ट पुढे सरकते का, हे तपासता येतं.

तिसऱ्या तुकड्यात हा प्रश्न खरा कळीचा आहे. पाठ्यपुस्तकांतली नेहमीची आकृती आठवा: मध्ये पृथ्वी, भोवती आठ चंद्र, एका बाजूने येणारे सूर्यकिरण, आणि बाहेर आणखी आठ चंद्र, ते कसे दिसतात ते सांगणारे. या एका चित्रात दोन जागांवरून बघणं एकत्र झालेलं आहे. आतले चंद्र अवकाशातून, वरून बघितलेले. बाहेरचे पृथ्वीवरून बघितलेले. मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे त्याला दिसतात सोळा चंद्र. व्हिडिओने इथे पुस्तकाला न जमणारं एक काम करायला हवं: दोन्ही जागांचं दृश्य शेजारी-शेजारी ठेवायचं आणि एकाच वेळी हलवायचं.

मी बल्ब आणि चेंडू घेऊन वर्गात हा प्रयोग करायचे तसाच पहिल्यांदा चित्रित केला होता: मी चेंडू धरून फिरते आहे आणि कॅमेरा समोर. त्याचा काही उपयोग झाला नाही. कला दिसतात त्या मध्ये उभं राहून फिरणाऱ्याला, म्हणजे मला. कॅमेरा दूर स्थिर असेल तर प्रेक्षकाला बाईंचा प्रयोग दिसतो, चंद्राच्या कला दिसत नाहीत. कॅमेरा माझ्या डोक्याच्या जागी जायला हवा होता.

नवी जुळणी अशी केली. फिरतं स्टूल घेतलं, त्याच्या मधोमध फोन उभा बांधला. स्टुलाला एक काठी चिकटपट्टीने बांधली, तिच्या टोकाला फोनपासून साधारण 60 सेंटीमीटरवर पांढरा रंगवलेला रबरी चेंडू. फोनच्या उंचीवर, दोन मीटर लांब, एक उघडा बल्ब. चेंडू फोनपेक्षा वितीएवढा वर ठेवला आणि फोन त्याच्याकडे किंचित वर वळवला, नाहीतर बल्बसमोर चेंडू आला की सूर्यग्रहण होतं आणि फोनच्या मागे गेला की चंद्रग्रहण. खोलीत पूर्ण अंधार हवा. पांढऱ्या भिंतींवरून उजेड परत येतो आणि चेंडूची काळी बाजू राखाडी दिसते, म्हणून भिंतीला गडद चादरी लावल्या. फोनवर चेंडूवर बोट दाबून ठेवून उजेडाची पातळी पक्की केली, नाहीतर बल्ब चौकटीत आला की फोन सगळंच काळं करतो. चेंडू वर असल्यामुळे अमावास्येच्या जागी त्याच्या खालच्या कडेला उजेडाची बारीक रेघ राहते. ती काढता आली नाही, आणि मुलांना तिचा त्रासही झाला नाही. दुसरा फोन घोडा लावून छतालगत बांधला. तो वरून बघतो: बल्ब, मधलं स्टूल, फिरणारा चेंडू.

स्टूल वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचं, म्हणजे मधून बघणारा डावीकडे वळत जातो. चेंडू बल्बच्या दिशेला असतो तेव्हा अमावास्या. पाव फेरा झाला की बल्ब उजवीकडे येतो आणि चेंडूची उजवी बाजू उजळते: शुद्ध अष्टमी. अर्ध्या फेऱ्यावर पौर्णिमा. पाऊण फेऱ्यावर डावी बाजू उजळलेली: वद्य अष्टमी. हे डावं-उजवं इथे महत्त्वाचं आहे आणि त्यातच मी एकदा फसले. मधला फोन बसवताना पडदा दिसावा म्हणून पुढचा कॅमेरा वापरला होता. माझ्या फोनने तो व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटा साठवला आणि शुद्ध अष्टमीला डावी बाजू उजळली. संपादन करून झाल्यावर एका मुलीने विचारलं, “बाई, काल संध्याकाळी तर उजवीकडे होतं की!” मागचाच कॅमेरा वापरा, आणि चित्रीकरणाआधी चौकटीत एखादा छापील कागद धरून अक्षरं सुलटी येतात का ते बघा.

त्या तुकड्याची स्क्रिप्ट कशी दिसते, तेवढा भाग देते:

चित्र: पडदा दोन भागांत. डावीकडे वरून दिसणारं दृश्य, उजवीकडे मधून दिसणारं. दोन्ही स्थिर. चेंडू बल्बच्या दिशेला.
आवाज: डावीकडे आपण छतावरून बघतोय. उजवीकडे आपण पृथ्वीवर उभे आहोत.

चित्र: डावीकडे चेंडूच्या उजळ अर्ध्या भागावर बाण. मग उजवीकडे काळ्या चेंडूवर बाण.
आवाज: उजळलेली बाजू सूर्याकडे आहे. आपल्याकडे अंधाराची बाजू आहे. ही अमावास्या.

चित्र: दोन्ही दृश्यं एकत्र फिरू लागतात. आठ सेकंद.
आवाज: (शांतता)

चित्र: पाव फेऱ्यावर थांबतं. उजवीकडचा गोल झाकलेला, त्यावर प्रश्नचिन्ह. पाच सेकंद.
आवाज: इथून चंद्र कसा दिसेल? बोटाने हवेत काढून दाखव.

चित्र: झाकण निघतं. उजवा अर्धा भाग उजळलेला. खाली फक्त दोन शब्द: शुद्ध अष्टमी.
आवाज: उजवी बाजू. आज आठवा दिवस.

त्या आठ सेकंदांच्या शांततेवर मला बरंच बोलणं ऐकावं लागलं. काहीतरी संगीत टाका, निदान वाक्य तरी घाला. पण मूल त्या वेळी दोन चित्रांवरून नजर आलटून पालटून फिरवत असतं आणि त्याला दुसरं काही ऐकायला जागा नसते. दोन मिनिटांच्या या तुकड्यात मी शंभरेक शब्दच बोलते. एरवी मुलांसाठी बोलताना माझा वेग मिनिटाला साधारण शंभर शब्दांचा पडतो, म्हणजे इथे निम्मा वेळ गप्प.

पडद्यावरच्या अक्षरांचंही असंच. बोललेलं वाक्य जसंच्या तसं खाली लिहिलं तर मूल चित्र सोडून वाचायला लागतं, आणि वाचण्याचा वेग ऐकण्याशी जुळत नाही. म्हणून पडद्यावर फक्त नावं, आणि तीही ज्या गोष्टीचं नाव आहे तिला चिकटून, कोपऱ्यातल्या यादीत नाहीत. ज्याला कमी ऐकू येतं त्या मुलासाठी, किंवा टीव्हीचा आवाज फाटका असेल तर, पूर्ण मजकूर हवाच. तो चालू-बंद करता येईल असा वेगळा ठेवते. स्क्रिप्ट लिहून झाली की उजव्या बाजूतल्या “हा”, “इथे”, “या बाजूला” अशा शब्दांखाली रेघ मारते. प्रत्येक रेघेसमोर डावीकडे बाण किंवा बोट असायलाच हवं. पहिल्या व्हिडिओत असे एकवीस शब्द सापडले होते आणि बाण चार.

चौथा तुकडा मला सगळ्यात प्रिय आहे. सावली खोडायला मी आधी चंद्राची तिरपी कक्षा, पाच अंशांचा कोन वगैरे समजावत बसले होते. ते खरं आहे, आणि दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही याचं ते उत्तरही आहे, पण या मुलांचा प्रश्न तो नाही. त्यांच्यासाठी पुरावा शाळेच्या मैदानात होता. शुद्ध अष्टमीला चंद्र दुपारी साधारण बाराच्या पुढे उगवतो. तीन-साडेतीनला तो पूर्वेकडच्या आकाशात स्वच्छ दिसतो आणि सूर्य पश्चिमेकडे असतो. दोघं एकाच वेळी आकाशात! सावली तर सूर्याच्या बरोबर उलट दिशेला पडते, आणि चंद्र तिथे नसतो, काटकोनात असतो.

पण कोन सांगण्यापेक्षा मी एक दृश्य घेतलं. टेबल टेनिसचा पांढरा चेंडू उंच बांबूच्या टोकाला खोचला आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत तो चंद्राच्या शेजारी येईल असा धरला. चेंडू आणि चंद्र एकाच मापाचे दिसायला हवेत तर चेंडू त्याच्या व्यासाच्या सुमारे 110 पट लांब ठेवावा लागतो. चार सेंटीमीटरच्या चेंडूसाठी ते अंतर जवळजवळ साडेचार मीटर होतं. कॅमेरा जमिनीलगत ठेवला, झूम केला, आणि पडद्यावर दोन अर्धे गोळे शेजारी-शेजारी आले. दोघांची उजवी बाजू उजळलेली, दोघांची कड सारखीच. चेंडू मैदानात उन्हात होता, त्यावर पृथ्वीची सावली पडण्याचा प्रश्नच नव्हता, तरी तो चंद्रासारखाच अर्धा होता. तो मुलगा इथे काही बोलत नाही. तो चेंडूकडे बघतो, चंद्राकडे बघतो, आणि मुलगी विचारते, “कुठंय सावली?” तुकडा संपतो. दृश्य घेताना एक जण सूर्याकडे पाठ करून उभा राहील आणि कुणीही सूर्याकडे थेट बघणार नाही, ही सूचना मी स्क्रिप्टमध्येच चित्राच्या बाजूला लिहून ठेवली होती. हे दृश्य पावसाळ्यात मिळत नाही. कार्तिकात ठरवलं होतं, दोन दिवस ढग आले आणि दशमीला घ्यावं लागलं असतं तर दोन्ही गोळे अर्धे दिसले नसते, फुगलेले दिसले असते. तेही चाललं असतं, कारण चेंडू चंद्राची नक्कल करतोच.

चित्रीकरणाच्या आधी मी ही स्क्रिप्ट दोन मुलांना वाचून दाखवली, हातात चेंडू आणि टॉर्च घेऊन. त्यांना “समजलं का” विचारलं नाही. कागद दिला आणि दशमीचा चंद्र काढायला सांगितलं. एकाने फुगलेली कड काढली. दुसऱ्याने पुन्हा घास घेतला. त्याला विचारलं तेव्हा कळलं, की अष्टमीची सरळ रेघ आणि पौर्णिमेचा गोल यांच्या मधे काय होतं हे माझ्या स्क्रिप्टमध्ये कुठे दिसतच नव्हतं. मी चारच ठिकाणी थांबत होते, आणि मधल्या फिरण्यात त्याची नजर डाव्या चित्रावर होती. त्यामुळे अष्टमी आणि पौर्णिमेच्या मधे एक थांबा वाढवला, डावं चित्र तेवढ्यापुरतं मंद केलं आणि उजव्या चित्रातली सरळ कड बाहेर कशी फुगत जाते ते सहा सेकंद दाखवलं. त्याची भरपाई म्हणून वद्य अष्टमीवरचं एक वाक्य काढलं, कारण तिथवर आलेलं मूल ते स्वतः सांगतं.

पाचवा तुकडा सगळ्यात लहान आहे. पडद्यावर वरून बघितलेली आकृती, चंद्र पाव आणि अर्ध्या फेऱ्याच्या मधोमध, शेजारी रिकामा गोल. आवाज एवढंच म्हणतो: “रंगव. मग पहिल्या तुकड्यात काढलेलं चित्र शेजारी ठेव.” त्यानंतर वीस सेकंद काहीच नाही, आणि फाईल संपते. त्या वेळी मी वर्गात फिरते आणि फक्त कड बघते, ती बाहेर फुगली आहे की आत गेली आहे.